मोडलेली मर्यादा अडवतेच असं नाही

किमान-कमाल मूल्यांची गणितं कॉलेजात शिकताना एक सवय लागते: विकलज काढा, शून्याबरोबर ठेवा, उत्तर लिहा. पुढे गणितात मर्यादा येतात, आणि त्याही 'बरोबर इतकंच हवं' अशा नसून 'यापेक्षा जास्त नको' अशा असतात. तेव्हा बरेच जण याच सवयीच्या जोरावर एक सोपा मार्ग काढतात. आधी मर्यादा बाजूला ठेवून उत्तर काढायचं, त्या उत्तराने कोणत्या मर्यादा मोडल्या ते बघायचं, आणि तेवढ्या मर्यादांत ≤ च्या जागी = लिहून गणित पुन्हा सोडवायचं. ज्या मर्यादा मोडल्या त्याच आपल्याला अडवणार, उरलेल्यांची काळजी नको, असा त्यामागचा विचार. ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पण तो दोन्ही बाजूंनी चुकतो: मोडलेली मर्यादा शेवटी आड येत नाही असंही होतं, आणि न मोडलेली मर्यादा शेवटी आड येते असंही होतं. दोन चलांचं एकच उदाहरण घेऊन हे दोन्ही दाखवता येतं.

समजा आपल्याला हे फल किमान करायचं आहे:

f(x, y) = (x − ४)² + (y − ३)²

आणि दोन मर्यादा आहेत: x + y ≤ ४ आणि y ≤ २.

हे फल म्हणजे (४, ३) या बिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग. म्हणजे प्रश्न भूमितीचाच आहे: मर्यादांनी दिलेल्या प्रदेशातला कोणता बिंदू (४, ३) च्या सर्वांत जवळ आहे? कागदावर आकृती काढून वाचलंत तर पुढचं सगळं डोळ्यांसमोर राहील.

मर्यादा नसत्या तर उत्तर (४, ३) हेच. तिथे x + y = ७, म्हणजे पहिली मर्यादा मोडली. y = ३, म्हणजे दुसरीही मोडली. सोप्या मार्गाने जाणारा आता दोन्ही ठिकाणी बरोबरचं चिन्ह घालतो. y = २ आणि x + y = ४, म्हणून x = २. उत्तर (२, २), आणि f = ४ + १ = ५. आता (२.५, १.५) हा बिंदू घ्या. बेरीज ४, चालते. y = १.५, तेही चालतं. आणि f = २.२५ + २.२५ = ४.५. ५ पेक्षा कमी. सोप्या मार्गाचं उत्तर चुकलं.

हा दुसरा बिंदू मी कुठून आणला ते पुढे येईलच. त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: दुसरा बिंदू हाताशी नसताना, नुसतं (२, २) कडे बघून हे उत्तर खोटं आहे हे कसं ओळखायचं?

माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. एक छोटी गोटी आहे असं समजा. तिला (४, ३) हा बिंदू स्वतःकडे ओढतो आहे आणि दोन मर्यादा म्हणजे दोन गुळगुळीत भिंती आहेत. ओढ किती आणि कुठल्या दिशेला, हे फलाच्या आंशिक विकलजांवरून कळतं. f सर्वांत वेगाने ज्या दिशेला कमी होतं ती दिशा म्हणजे −२(x − ४) आणि −२(y − ३) या घटकांची. (२, २) ला ही ओढ (४, २) येते: उजवीकडे ४, वर २. गोटी तिथे स्थिर राहायची असेल तर भिंतींच्या रेट्याने ही ओढ पुरती तोलली गेली पाहिजे. पहिली भिंत तिरपी आहे, ती आतल्या बाजूला (−१, −१) या दिशेने रेटते. तिच्या रेट्याला λ म्हणू. दुसरी भिंत आडवी आहे, ती सरळ खाली (०, −१) या दिशेने रेटते. तिच्या रेट्याला μ म्हणू. मग तोल असा:

४ − λ = ०
२ − λ − μ = ०

पहिल्या समीकरणातून λ = ४. ते दुसऱ्यात घातलं की μ = −२. इथेच थांबायचं. ऋण रेटा म्हणजे दुसरी भिंत गोटीला रेटत नसून स्वतःकडे खेचते आहे. भिंत रेटू शकते, खेचू शकत नाही. तेव्हा गोटी (२, २) ला टिकणारच नाही, ती दुसऱ्या भिंतीपासून सुटेल.

का सुटेल तेही या आकड्यांतच आहे. उजवीकडची ४ इतकी ओढ थोपवायला तिरप्या भिंतीला ४ चा जोर लावावा लागतो. पण ती तिरपी असल्यामुळे तोच जोर गोटीला ४ ने खालीही दाबतो. वरची ओढ मात्र २ च आहे. म्हणून गोटी तिरप्या भिंतीला चिकटून खाली घसरते. पडताळून बघा: (२.१, १.९) ला f = ३.६१ + १.२१ = ४.८२. घसरण खरोखर फायद्याची आहे.

आता नियम मांडता येतात. मर्यादेच्या कडेवर बिंदू टेकला असेल तर ती मर्यादा तिथे सक्रिय, नसेल तर निष्क्रिय. किमान बिंदूवर चार गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. बिंदू सगळ्या मर्यादा पाळतो. ओढ आणि रेटे यांचा तोल जमतो. कुठलाही रेटा ऋण नसतो. आणि ज्या भिंतीला गोटी टेकलेली नाही तिचा रेटा शून्य असतो, कारण लांबून भिंत काही करू शकत नाही. या चौथ्या अटीला पूरक शिथिलता म्हणतात: प्रत्येक मर्यादेत एकतर उरलेली जागा शून्य, नाहीतर तिचा गुणक शून्य. λ आणि μ या गुणकांचं लाग्रांज गुणक हे नाव ओळखीचं असेल. लाग्रांजच्या समीकरणवाल्या मर्यादांत गुणकाचं चिन्ह काहीही चालतं. असमानता आली की चिन्हाला अर्थ येतो, सगळा फरक तिथे आहे.

दोन मर्यादा म्हणजे सक्रिय-निष्क्रियच्या चार जोड्या. एकही सक्रिय नाही: उत्तर (४, ३), मर्यादा मोडतात, बाद. फक्त दुसरी सक्रिय: y = २, x = ४, बेरीज ६, बाद. दोन्ही सक्रिय: μ = −२, बाद. उरली फक्त पहिली. तिथे μ = ०, म्हणून २(x − ४) + λ = ० आणि २(y − ३) + λ = ०. दोन्हींवरून y = x − १. ते x + y = ४ मध्ये घातलं की x = २.५, y = १.५ आणि λ = ३. रेटा धन, y दोनच्या आत, चारही अटी पुऱ्या. मघाचा बिंदू इथून आला.

आता दुसऱ्या मर्यादेचं फक्त चिन्ह उलटं करू: y ≤ २ ऐवजी y ≥ २. (४, ३) ला ही मर्यादा मोडतच नाही, तीन दोनपेक्षा मोठेच आहेत. सोपा मार्ग म्हणेल, हिला विसरा, फक्त पहिली धरा. तसं केलं की पुन्हा (२.५, १.५) येतो, आणि तिथे y दोनपेक्षा कमी आहे. म्हणजे चालत नाही. दोन्ही सक्रिय धरा: पुन्हा (२, २), पुन्हा λ = ४. पण भिंत आता खालच्या बाजूला आहे आणि वर रेटते, म्हणून २ − λ + μ = ०, म्हणजे μ = +२. जो बिंदू मघाशी बाद झाला तोच आता उत्तर आहे. तिरपी भिंत गोटीला खाली दाबते आणि आडवी भिंत तिला खालून तोलून धरते. मर्यादा सक्रिय आहे की नाही हे तिच्या एकटीवर ठरत नाही, बाकीच्या भिंती गोटीला कुठे ढकलतात त्यावर ठरतं. सोप्या मार्गाला नेमकं हेच दिसत नाही.

गुणकाचा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. पहिल्या उदाहरणात λ = ३ होता. मर्यादा ४ वरून ४.१ केली तर सर्वोत्तम f होतं ४.२०५, म्हणजे ०.२९५ ने कमी. λ गुणिले ०.१ म्हणजे ०.३. जवळजवळ तेच. मर्यादा थोडी सैल केली तर किती फायदा होईल, हे गुणक आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या मर्यादेचा गुणक शून्य होता, ती २ ची २.१ केली तर काहीच फरक पडणार नाही. हल्ली प्रत्येक वस्तूवर आणि योजनेवर 'ऑप्टिमाइझ्ड' हा शिक्का दिसतो. काय किमान केलं, कोणत्या मर्यादांत, आणि त्यांतल्या कोणत्या सक्रिय होत्या, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरं नसतील तर त्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

दोन मर्यादांच्या चार जोड्या हाताने तपासल्या. वीस मर्यादा असतील तर जोड्या होतात १०,४८,५७६. म्हणून संगणकाच्या एका जुन्या आणि अजून वापरात असलेल्या पद्धतीत सक्रिय मर्यादांची एक अंदाजी यादी धरतात. कुठला गुणक ऋण निघाला की ती मर्यादा यादीतून काढतात, वाटेत एखादी नवी भिंत लागली की तिला यादीत घेतात. (२, २) वरून सुटून आपण (२.५, १.५) ला आलो, तीच चाल.

भिंती आणि रेटे ही नुसती समजावण्यापुरती कल्पना नाही, इतिहासही तोच आहे. हंगेरीचे ग्युला फार्कश असमानतांच्या प्रमेयाकडे वळले ते यांत्रिकीतल्या तोलाच्या प्रश्नामुळेच, आणि त्यांचा १९०२ चा निबंध आजही या अटींच्या सिद्धतेचा कणा आहे. अटी स्वतः विल्यम कॅरुश यांनी १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एमएच्या प्रबंधात मांडल्या. तो प्रबंध छापला गेला नाही. १९५१ मध्ये हॅरोल्ड कून आणि अल्बर्ट टकर यांनी त्याच अटी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. आज तिघांचीही नावं त्यांना जोडलेली आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. आपलं फल वाटीसारखं आणि प्रदेश सरळ कडांचा होता, म्हणून अटी पाळणारा बिंदू आपोआप किमान ठरला. फल वेडंवाकडं असेल तर अटी पाळूनही बिंदू किमान नसू शकतो. त्याहून चमत्कारिक म्हणजे बिंदू खरोखर सर्वोत्तम असूनही अटी जमत नाहीत, असंही होतं. x कमाल करायचा आहे, आणि मर्यादा आहेत y ≥ ० आणि y ≤ (१ − x)³. प्रदेश उजवीकडे निमुळता होत (१, ०) ला सुईच्या टोकासारखा संपतो, तेव्हा उत्तर (१, ०) यात शंका नाही. पण त्या टोकावर वक्र भिंतही आडवी होते. एक भिंत सरळ खाली रेटते, दुसरी सरळ वर. गोटीची ओढ मात्र उजवीकडे आहे, आणि डावीकडे रेटणारं कुणीच नाही. तोलाच्या पहिल्याच समीकरणात १ = ० येतं.

म्हणून प्रमेयाच्या सुरुवातीला एक अट जोडलेली असते: सक्रिय भिंतींच्या रेटण्याच्या दिशा एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. (२, २) ला त्या तिरपी आणि उभी अशा वेगळ्या होत्या. इथे त्या एकाच रेषेवर येतात. फ्रिट्झ जॉन यांनी १९४८ मध्ये अटी थोड्या सैल केल्या आणि खुद्द f लाही एक गुणक दिला. त्या रूपात या टोकावर तोल जमतो, पण f चा गुणक शून्य ठेवावा लागतो. तोल तेव्हा नुसत्या दोन भिंतींचा एकमेकींशी राहतो, आणि काय कमाल करायचं होतं याची त्यात नोंदच उरत नाही.