करून दाखवायचं की करून बघायचं?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर मांडलेल्या दोन गोष्टी लांबून सारख्याच दिसतात. दोन्हीकडे ताटल्या, पाणी, पाठीमागे पुठ्ठ्यावर चिकटवलेला तक्ता आणि पाठ केलेलं बोलणारं एक सहावी-सातवीतलं मूल. पण एका टेबलावर ठाऊक असलेली गोष्ट करून दाखवलेली असते आणि दुसऱ्यावर ठाऊक नसलेली करून बघितलेली असते. कोकमाच्या आगळात खायचा सोडा घातला की लाल रंग निळसर-हिरवट होतो, हे पहिल्या जातीचं. दिसायला छान, करायला सोपं, आणि आमच्याकडे आगळ घरोघरी असतं. फक्त सोडा घालायच्या आधीच उत्तर माहीत असतं. रंग बदलला नाही तर मूल सोडा बदलतं, विचार बदलत नाही.

करून दाखवण्यात वाईट काही नाही, शाळेत तेच लागतं. गोंधळ होतो तो त्याला प्रयोग म्हटल्यामुळे. परीक्षकाने ‘तुला काय सापडलं?’ असं विचारलं की बिचारं मूल गप्प होतं, कारण सापडायला काही हरवलेलंच नव्हतं.

फरक सामानात नसतो. तेच सामान दोन्हीकडे चालतं, म्हणूनच गफलत होते. समुद्राचं पाणी आणि मूठभर मूग घ्या. एका ताटलीत विहिरीचं पाणी, दुसरीत समुद्राचं, दोन्हींत मूग. विहिरीच्या पाण्यातले रुजतात, समुद्राच्यातले नाहीत. हे झालं करून दाखवणं. भरतीचं पाणी बांध फोडून शेतात शिरलं की काय होतं हे खाडीकाठच्या कुठल्याही आजोबांना विचारा, ते ताटलीशिवाय सांगतील. आता प्रश्न एवढाच बदला: समुद्राचं पाणी किती मिसळलं की मूग रुजायचे थांबतात? आठवा हिस्सा? चौथाई? निम्मं? इथे आजोबा विचारात पडतात. बाबाही पडतात. मुलाने घरातल्या चौघांना अंदाज विचारून वहीत लिहून ठेवावेत. चार वेगवेगळी उत्तरं आली तर प्रश्न खरा आहे. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर बहुतेक आपण पुन्हा करून दाखवण्याकडे वळलोय.

खर्च जवळजवळ नाहीच. झाकणाचे एकसारखे प्लास्टिकचे डबे हवेत. श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे चालतात. जुन्या धोतराच्या घड्या, मूग, आणि औषधाच्या दुकानातून बिनसुईची १० मिलीची सिरिंज. समुद्राचं पाणी उघड्या किनाऱ्यावरून, शक्यतो पावसाळा सरल्यावर आणावं. खाडीचं नको, कारण खाडीच्या पाण्याचा खारटपणा भरती-ओहोटीबरोबर दिवसातून अनेकदा बदलतो आणि पावसाळ्यात नदीचं पाणी मिसळून फारच उतरतो. किनारा लांब असेल तर साधं मीठ वापरता येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. किराणा दुकानाच्या काट्यावर ३५ ग्रॅम नीट तोलता येत नाहीत, म्हणून १७५ ग्रॅम तोलून घ्यावं आणि त्याचं पाच लिटर पाणी करावं. मात्र मग तक्त्यावर ‘मिठाचं पाणी’ असंच लिहायचं, ‘समुद्राचं’ नाही. समुद्रात मिठाशिवाय बाकीचे क्षारही असतात.

मिश्रण वाटीने मोजावं. एकूण आठ वाट्या: समुद्राची १ आणि गोडी ७, मग २ आणि ६, मग ४ आणि ४, मग आठही समुद्राच्या. आणि एक सगळी गोडी, जिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. प्रत्येक मिश्रणाचे तीन-तीन डबे, प्रत्येकात २५ मूग आणि सिरिंजने मोजून सारखंच पाणी, कापड चिंब होईल पण दाणे बुडणार नाहीत इतकं. झाकण लावून सगळे डबे एकाच फळीवर ठेवावेत. एक डबा चुलीशेजारी आणि दुसरा मोरीजवळ असला तर मोजताय ते मीठ की ऊब, हे कळायला मार्ग राहत नाही.

‘रुजला’ म्हणजे काय, हे आधी ठरवून वहीत लिहायचं. मूळ निदान दाण्याएवढं लांब बाहेर आलं तर रुजला, ही व्याख्या पुरते. नाहीतर चौथ्या दिवशी नुसत्या फुगलेल्या दाण्यावरून भावंडांत भांडण होतं आणि ज्याला जे उत्तर हवं असतं तिकडे तो दाणा मोजला जातो. मोजणी रोज त्याच वेळी, चार दिवस.

समजा चौथ्या दिवशी आकडे असे आले. गोड्या पाण्यात २४, २३, २४. आठव्या हिश्श्यात २३, २४, २२. चौथाईत १७, ११, १८. गोड्या पाण्यातही पंचवीसच्या पंचवीस आले नाहीत, कारण मुगात गणंग दाणे असतातच, जे भिजतच नाहीत. गोड्या पाण्याचा डबा ठेवला नसता तर तेही मिठाच्या नावावर गेले असते. आठव्या हिश्श्याचा फरक इतका थोडा आहे की डब्या-डब्यांतलाच फरक तेवढा आहे. तिथे ‘फरक दिसला नाही’ असंच लिहायचं. तिथे मुळांची लांबी पट्टीने मोजून बघावी, कधीकधी दाणे रुजतात तेवढेच पण मुळं आखूड राहतात.

आणि ते ११? मुलाला मोह होतो तो खोडून १७ करायचा, आणि खरं सांगायचं तर मुलापेक्षा आईबाबांना जास्त होतो. खोडायच्या आधी डबा उघडून बघा. झाकण सैल असेल तर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, आणि चौथाईचा डबा हळूहळू निम्म्याकडे सरकतो. कापड कोरडं लागलं, कडेला पांढरी रेघ दिसली, तर कारण सापडलं. तरीही ११ तसाच राहू द्यायचा, शेजारी ‘झाकण सैल, कापड कोरडं’ अशी टीप लिहायची, आणि जमलं तर तेवढं मिश्रण पुन्हा लावायचं. असा डबा सुकतोय म्हणून त्यात वरून खारं पाणी घालू नये. त्याने खारटपणा वाढतच जातो. बुरशी आली तर तेही लिहावं. आमच्या दमट हवेत ती येतेच, विशेषतः मेलेल्या दाण्यांवर.

यातली सर्वांत चांगली गोष्ट मात्र निव्वळ समुद्राच्या पाण्याच्या डब्यात असते. तिथले मूग रुजत नसले तरी बहुतेक फुगलेले दिसतात. मग ते मेले की नुसते अडकलेत? बाहेर मीठ जास्त असलं की दाण्याला पुरेसं पाणी आत ओढता येत नाही. शिवाय मीठ आत शिरून दाण्याला इजाही करतं. या दोन कारणांतलं कुठलं, हे वेगळं करता येतं. चौथ्या दिवशी ते दाणे गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवून नव्या ओल्या कापडावर ठेवायचे आणि आणखी चार दिवस मोजायचे. बरेचसे रुजले तर मिठाने मुख्यतः पाणी अडवलं होतं. फारसे रुजले नाहीत तर आत इजा झाली होती, किंवा दाणे इतके दिवस ओल्यात राहून कुजले. वास घेतला तर तेही कळतं.

खाजणातली भातशेती याच प्रश्नावर उभी आहे. पहिल्या जोरदार पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत तिथे थांबावं लागतं. पण खाजणातली माती आणि डब्यातलं धोतर एक नव्हे, आणि भात म्हणजे मूग नव्हे. तक्त्याच्या तळाशी ही ओळ मुलानेच लिहावी. परीक्षकाने ‘मग शेतकऱ्याने किती खारं पाणी चालवून घ्यावं?’ असं विचारलं तर ‘ते यावरून सांगता येणार नाही, मी मूग कापडावर रुजवलेत’ हे उत्तर त्याच्यापाशी तयार असतं.