गेजवरचे ३० म्हणजे टायरमधले ३० नव्हेत

सेल्सियसमध्ये २७३ मिळवून केल्विन करायचं, हे अकरावीच्या पोरांना आता झोपेतही येतं. त्यामुळे त्यावर मी वेळ घालवत नाही. (फक्त 'डिग्री केल्विन' लिहू नका, नुसतं केल्विन. डोळ्यांना खुपतं.) गोंधळ होतो तो दाबाच्या बाबतीत. गेज दाब आणि निरपेक्ष दाब या दोन गोष्टी आहेत, हे वर्गात सगळे मान डोलावून ऐकतात आणि गणित सोडवताना हमखास विसरतात.

सांगलीतल्या कुठल्याही पंक्चरच्या दुकानात 'तीस हवा भर' म्हटलं की तो गेजवर ३० psi करून देतो. पण गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हा टायरमध्ये हवा नसते असं नाही. तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेइतका असतो, एवढंच. गेज फक्त त्यावरचा जास्तीचा दाब दाखवतं. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे बाहेरच्या हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. तो मिळवल्याशिवाय वायूच्या नियमात आकडा घालायचा नाही.

एक गणित करू. पहाटे १७ अंशाला टायरमध्ये ३० psi भरले. पेठ नाक्यावरून साताऱ्याला जाऊन परत सांगलीत आल्यावर टायर तापून आतली हवा ४७ अंशावर आहे. टायरचं आकारमान बदललं नाही असं धरू (किंचित फुगतो, पण ते सोडून देता येतं). गेज आता किती दाखवेल?

आधी एकक: ३० ला ६.८९५ ने गुणलं की २०७ किलोपास्कल, हा गेज दाब. त्यात ९५ मिळवले की ३०२, हा निरपेक्ष दाब. तापमानं २९० आणि ३२० केल्विन. आता P₁/T₁ = P₂/T₂, म्हणून ३०२ × ३२० ÷ २९० = ३३३. पण गेज हे दाखवणार नाही, म्हणून ९५ वजा: २३८. परत psi मध्ये ३४.५.

९५ मिळवायला विसरलात तर उत्तर येतं ३३.१ psi, आणि खरी अडचण इथेच आहे. त्यात केल्विनही विसरलं की ४७ भागिले १७ होतं आणि टायरमध्ये ८३ psi निघतात. ते पाहून कुणीही दचकतो आणि मागे जाऊन चूक शोधतो. गेजची चूक मात्र शहाण्यासारखी दिसते. ३३ काय आणि साडेचौतीस काय, दोन्ही पटण्याजोगे, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकून राहते.

ही चूक उघडी पाडायची तर सायकलचा पंप घ्या. दट्ट्या वर ओढलेला, गेज शून्यावर. तोंड बोटानं घट्ट दाबून हळूहळू आकारमान निम्मं करा, तापमान तेच. गेजचा आकडा तसाच घातलात तर शून्याची दुप्पट शून्य. बोटाला मात्र वेगळंच कळतं: निरपेक्ष दाब ९५ वरून १९० झालाय, म्हणजे गेजवर ९५, जवळपास १४ psi.

मूळ फरक असा की रूपांतरं दोन जातींची असतात. psi चे किलोपास्कल, लिटरचे घनमीटर ही गुणायची रूपांतरं, आणि गुणोत्तरात ती दोन्ही बाजूंनी कटून जातात. म्हणून P₁V₁ = P₂V₂ सोडवताना अर्धं पान लिटरचे घनमीटर करण्यात घालवणाऱ्यांची मला कीव येते; दोन्हीकडे लिटरच ठेवा. सेल्सियसचं केल्विन आणि गेजचं निरपेक्ष ही मिळवायची रूपांतरं. ती कटत नाहीत, कारण त्यांत शून्यच हलतं. वरचं गणित सरळ psi मध्येही होतं: ९५ किलोपास्कल म्हणजे १३.८ psi, ते मिळवा, ३२०/२९० नं गुणा, वजा करा. PV = nRT मध्ये मात्र R चं एकक सांगेल तेच ऐकायचं. ८.३१४ घेतलात तर किलोपास्कल आणि लिटर. त्याला वातावरण हे दाबाचं एकक जोडू नका.

तापलेल्या टायरमधली हवा सोडून '३० वर आणणाऱ्यांनी' हेच गणित उलटं करावं. ३०२ × २९० ÷ ३२० = २७४, वजा ९५, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे जेमतेम २६ psi. हवा थंड टायरलाच मोजायची.

आणि तोच टायर त्याच तापमानाला महाबळेश्वरला नेलात तर हवा न भरताही गेज एक-सव्वा psi जास्त दाखवेल. वर बाहेरचा दाबच ८६ च्या आसपास असतो. तिथे मिळवायचा आकडाही ९५ नाही, ८६.