पार्श्वभूमी: बायबॅकचा कर ईपीएसमध्ये दिसला नाही, बुक व्हॅल्यूत दिसला

कंपनीने बायबॅकची, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याची, घोषणा केली की फोर्टमधल्या ब्रोकरच्या ऑफिसपासून डोंबिवली लोकलमधल्या गप्पांपर्यंत हिशोब एकच मांडला जातो: शेअर कमी होणार, म्हणजे ईपीएस, शेअरमागचा नफा, वाढणार. हा हिशोब अर्धाच असतो. बुक व्हॅल्यूचं, म्हणजे शेअरमागे येणाऱ्या नेटवर्थचं, काय होतं हे सहसा कुणी बघत नाही. 2019 ते 2024 या काळातले ताळेबंद चाळताना मात्र तिकडे बघावंच लागतं, कारण त्या पाच वर्षांत बायबॅकमुळे गेलेल्या पैशाचा एक मोठा भाग नफा-तोट्याच्या पत्रकात उतरलाच नाही.

1998 च्या अध्यादेशापर्यंत भारतात कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेण्याची जवळजवळ मुभाच नव्हती. भांडवल ही धनकोंची हमी, ती भागधारकांना गुपचूप परत जाऊ नये, हा त्यामागचा जुना इंग्रजी विचार. 1999 मध्ये अध्यादेशाचा कायदा झाला आणि 2013 च्या कंपनी कायद्यातही मूळ चौकट तीच राहिली: भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या 25 टक्क्यांपर्यंतच बायबॅक आणि त्यानंतर कर्ज हे भांडवल आणि राखीव निधी यांच्या बेरजेच्या दुपटीहून जास्त नको.

मोठ्या बायबॅकची लाट आली ती कराच्या फरकामुळे. 2016 च्या अर्थसंकल्पाने वर्षाला 10 लाखांवरच्या लाभांशावर भागधारकाकडून 10 टक्के कर घ्यायला सुरुवात केली. लाभांश वितरण कर कंपनी भरत होतीच. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्यांच्या बायबॅकमध्ये यातलं काहीच नव्हतं. रोकड साठलेल्या कंपन्या, त्यातही मोठा हिस्सा बाळगणारे प्रवर्तक, बायबॅककडे वळले यात नवल नाही. ही वाट बुजवायची म्हणून 5 जुलै 2019 पासून सूचीबद्ध कंपन्यांच्या बायबॅकवर 20 टक्के कर बसला. अधिभार आणि उपकर धरून तो 23.296 टक्के होत असे. तो कंपनीने भरायचा होता आणि बायबॅकची किंमत वजा ते शेअर मुळात देताना कंपनीला मिळालेली रक्कम, एवढ्या फरकावर.

आकडे घेऊन बघू. समजा एका कंपनीचे 10 कोटी शेअर आहेत, दर्शनी मूल्य 10 रुपये, नेटवर्थ, म्हणजे भांडवल आणि राखीव निधी मिळून, 1,000 कोटी आणि वर्षाचा नफा 150 कोटी. ईपीएस 15 रुपये, बुक व्हॅल्यू 100 रुपये. कंपनी 300 रुपयांनी 80 लाख शेअर परत घेते, म्हणजे 240 कोटी जातात आणि 9.2 कोटी शेअर उरतात.

घाईचा हिशोब म्हणतो, 150 भागिले 9.2, ईपीएस 16.30. पण ते 240 कोटी आकाशातून आलेले नव्हते, ते मुदत ठेवीत होते. 7 टक्के व्याज आणि त्यावर 25.168 टक्के कर धरला तर हातात सुमारे 5.24 टक्के पडत होते. वर्षाला साधारण 12.57 कोटींचं हे उत्पन्न गेलं. नफा 137.43 कोटी, ईपीएस 14.94. वाढ सोडाच, सहा पैसे घट. कारण 300 रुपये म्हणजे 15 च्या ईपीएसवर 20 चा पीई, ईपीएसच्या 20 पट किंमत. 20 चा पीई देऊन घेतलेल्या शेअरवर कमाई 5 टक्के, आणि सोडलेली कमाई 5.24 टक्के. या कंपनीसाठी सीमारेषा सुमारे 19.1 चा पीई, म्हणजे 286 रुपयांच्या आसपास. किंमत त्याखाली असती तरच ईपीएस वाढला असता.

बुक व्हॅल्यूची सीमारेषा याहून सोपी आहे: बायबॅकची किंमत बुक व्हॅल्यूच्या वर असेल तर बुक व्हॅल्यू घसरणार. इथे नेटवर्थ 760 कोटी, भागिले 9.2, म्हणजे 82.61 रुपये. एक नेहमीची चूक इथेच होते. रद्द झालेल्या शेअरच्या दर्शनी मूल्याइतके, म्हणजे 8 कोटी, कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्हमध्ये वर्ग करावे लागतात, आणि काही जण 240 वजा करून झाल्यावर हे 8 कोटीही वजा करतात. ही रक्कम एका राखीव खात्यातून दुसऱ्यात जाते, नेटवर्थ हलत नाही. बंधन एवढंच की नव्या खात्यातून फक्त बोनस शेअर देता येतात.

आता कर. शेअर मुळात 10 रुपयांनी दिले होते असं धरलं तर फरक 290 रुपये, 80 लाख शेअरवर 232 कोटी, आणि त्यावर कर 54.05 कोटी. ही रक्कम ऑफरच्या आकाराबाहेर असे, त्यामुळे घोषणेतल्या 240 कोटींत ती दिसत नसे. प्रश्न असा की ही नोंद कुठे करायची? कर कंपनीवरच बसतो, मग तो नफ्यातून जायला हवा, हा एक युक्तिवाद. दुसरा असा की हा मालकांशी झालेल्या व्यवहाराचा खर्च आहे, पूर्वीचा लाभांश वितरण करही थेट राखीव निधीतून जायचा, मग हाही तसाच जावा. प्रचलित झाली ती दुसरी पद्धत. हिशोबशास्त्राच्या दृष्टीने तिला आधार आहे, पण तिचा फायदा ईपीएसला झाला हे नाकारण्यात अर्थ नाही.

किती, ते बघा. कर धरून नेटवर्थ 705.95 कोटी, बुक व्हॅल्यू 76.73. म्हणजे एकट्या करापोटी शेअरमागे 5.88 रुपये गेले. ईपीएसमध्ये त्या 54 कोटींवरचं बुडालेलं व्याज तेवढं उतरलं: 14.94 चे 14.63, फक्त 31 पैसे. फक्त ईपीएस पाहणाऱ्याला हा कर दिसलाच नसता. शिवाय नेटवर्थ आटल्यामुळे भांडवलावरचा परतावा 15 टक्क्यांवरून 19 च्या पुढे गेला, आणि नेमका तोच आकडा सादरीकरणात ठळक छापला जातो.

बायबॅक झाला त्या वर्षाचे आकडे आणखी फसवे असतात. ईपीएससाठी शेअरची भारित सरासरी घेतात, बुक व्हॅल्यूसाठी वर्षअखेरचे शेअर. जानेवारीच्या सुरुवातीला शेअर रद्द झाले तर त्या वर्षाची सरासरी सुमारे 9.8 कोटी येते, पण 31 मार्चची बुक व्हॅल्यू 9.2 कोटींवर. मागच्या वर्षांचा ईपीएसही बदलून दिला जात नाही. तसा बदल बोनस किंवा शेअर विभाजनानंतर होतो, बाजारभावाच्या आसपास झालेल्या बायबॅकनंतर नाही.

1 ऑक्टोबर 2024 पासून कंपनीवरचा हा कर गेला. मिळालेली सगळी रक्कम लाभांश समजून भागधारकाच्या उत्पन्नात धरायची असं ठरलं. त्यामुळे त्या तारखेआधीच्या आणि नंतरच्या बायबॅकमधली बुक व्हॅल्यूची घट शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तुलना करायचीच तर वार्षिक अहवालात भागभांडवल आणि राखीव निधीतील बदलांचं विवरण उघडावं. तिथे बायबॅकची रक्कम, त्यावरचा कर आणि व्यवहाराचा खर्च बहुधा वेगवेगळ्या ओळींवर असतात. कराची ओळ नेटवर्थमध्ये परत मिळवून बुक व्हॅल्यू पुन्हा काढली की दोन्ही काळ एका पातळीवर येतात.