विमान लेट आहे का? आधी येणारं विमान बघा

आमच्याकडून तिकीट काढलेल्या मंडळींचा सकाळी सकाळी फोन येतो, "विमान वेळेवर आहे ना?" कंपनीच्या अ‍ॅपवर बहुतेक वेळा "On Time" असंच दिसत असतं आणि उजळाईवाडी विमानतळावर पोचल्यावर कळतं, तासभर थांबा. पण याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. कोल्हापुरात जे विमान येतं, सहसा तेच प्रवासी भरून परत जातं. येणारं लेट, म्हणजे जाणारंही लेट.

मोबाईलवर विमानं नकाशावर दाखवणारं Flightradar24 उघडा, KLH हा कोल्हापूर विमानतळाचा कोड शोधा आणि Arrivals मध्ये जा. तुमच्या वेळेच्या थोडं आधी उतरणारं, तुमच्याच कंपनीचं विमान शोधा. त्यावर बोट ठेवलं की VT ने सुरू होणारा नंबर दिसेल. ही विमानाची नंबरप्लेट. तिच्यावर दाबलं की त्या विमानाच्या दिवसभराच्या फेऱ्या दिसतात.

समजा, तुमचं हैदराबादचं विमान दुपारी 3:30 ला आहे. ते हैदराबादहून 1:35 ला निघून 3 वाजता इथे उतरायचं आहे. तुम्ही 1 वाजता बघता, तर ते अजून हैदराबादलाच पोचलेलं नाही. दुसऱ्या गावाहून येतंय आणि 1:50 ला उतरेल. छोट्या एटीआर विमानालाही प्रवासी उतरवून, सामान काढून पुन्हा भरायला अर्धा तास धरावा लागतो. म्हणजे हैदराबादहून 2:20 ला निघेल, इथे 3:45 ला येईल आणि तुम्हाला घेऊन 4:15 ला सुटेल. पाऊण तास उशीर, आणि अ‍ॅपवर अजून 3:30 च असेल!

मात्र विमान हैदराबादहून उडेपर्यंत हा अंदाजच. मोठ्या विमानतळावर कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते. तसं झालं तर KLH च्या यादीत त्याच फेरीपुढे VT नंबर बदललेला दिसतो. म्हणून एकदा बघून गप्प बसू नका, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. उतरताना विमान नकाशावरून गायब झालं तर घाबरू नका; खाली आल्यावर कधी कधी जमिनीवरच्या रिसीव्हरला सिग्नल मिळत नाही, एवढंच.

आता महत्त्वाचं. हा हिशोब मांडून घरातून उशिरा निघू नका. कंपनीने स्वतः नवी वेळ कळवली नसेल, तर काउंटर छापील वेळेप्रमाणेच बंद होतो. बहुतेक कंपन्यांचा तो 60 मिनिटं आधी बंद होतो, आणि नकाशा दाखवून तिथे कुणी ऐकत नाही.

हैदराबादहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर उशीर दिसताच आम्हाला फोन करा. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील तर पुढची सोय कंपनीकडे मागता येते. तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर पुढचं विमान सुटण्याआधीच तिकीट बदलून घ्यावं लागतं आणि त्यासाठी तो पाऊण तासही मोलाचा असतो.