मॅकवरील आयकॉनचे रंग : १९९१ ची पद्धत आणि तिच्या मर्यादा

मॅकवरचे फोल्डर आणि ॲप यांचे आयकॉन आपल्या आवडीच्या रंगसंगतीत बसवण्याची खटपट जुनी आहे, आणि ती आजही मुख्यतः १९९१ मध्ये आलेल्या सिस्टीम ७ च्या एका सोयीवर उभी आहे. फोल्डर निवडून त्याची गेट इन्फो खिडकी उघडावी, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या आयकॉनवर क्लिक करून तो निवडावा आणि आधी कॉपी केलेले चित्र तिथे पेस्ट करावे, ही ती सोय. मूळ आयकॉन परत हवा असेल, तर तोच छोटा आयकॉन निवडून डिलीट कळ दाबली की पुरते.

त्याच काळातल्या फाइंडरमध्ये रंग देण्याचा आणखी सोपा मार्गही होता. लेबल मेनूतून एखादे लेबल दिले की फोल्डरचा आयकॉनच त्या रंगात रंगून निघे. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आली तेव्हा लेबले गायब झाली. २००३ च्या पँथरमध्ये ती परतली, पण रंग आता आयकॉनवर न चढता नावामागच्या पट्टीवर चढू लागला, आणि २०१३ च्या मॅव्हेरिक्समध्ये लेबलांचे टॅग झाले तेव्हा नावाशेजारचा एक ठिपका एवढेच त्याचे रूप उरले. व्यवस्थेच्या दृष्टीने ठिपका पुरेसा असेल. ज्याला संपूर्ण पडदा एका रंगात पाहायचा आहे त्याच्या मात्र तो काहीच कामाचा नव्हता. म्हणून निळे फोल्डर राखाडी किंवा हिरवे करू पाहणाऱ्यांच्या हाती पेस्ट करण्याची जुनी पद्धतच राहिली.

ही पद्धत आत कशी चालते हे समजले की तिच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा होतो. फोल्डरवर चित्र पेस्ट केले की फाइंडर त्या फोल्डरमध्ये एक अदृश्य फाइल तयार करतो. तिचे नाव `Icon` असते आणि त्यापुढे रिटर्न हे न दिसणारे अक्षर जोडलेले असते. चित्र फाइलच्या मुख्य मजकुरात नसून तिला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे रिसोर्स फोर्कमध्ये, साठवले जाते, आणि या फोल्डरला स्वतंत्र आयकॉन आहे अशी खूण फोल्डरच्या फाइंडर माहितीत केली जाते. `Projects` नावाच्या फोल्डरला असा आयकॉन दिला असेल, तर टर्मिनलमध्ये हे पाहता येते :

```
ls -l@ ~/Projects
```

यादीत `Icon?` अशी शून्य बाइटची फाइल आणि तिच्याखाली `com.apple.ResourceFork` ही ओळ दिसते. हाच फोल्डर गिटमध्ये टाकून दुसरीकडे उतरवला, तर आयकॉन सोबत जात नाही, कारण गिट फाइलचा मुख्य मजकूर तेवढा नेते आणि तो रिकामाच असतो. नको असलेली ती फाइल मात्र भांडारात जाऊन बसते.

चित्र पेस्ट करतानाही एक बारकावा सांभाळावा लागतो. फाइंडरमध्ये पीएनजी फाइल निवडून कॉपी केली, तर चित्राऐवजी त्या फाइलचा सर्वसाधारण कागदी आयकॉन फोल्डरवर येऊ शकतो. म्हणून चित्र प्रिव्ह्यूमध्ये उघडावे, सगळे निवडावे आणि मग कॉपी करावे. पार्श्वभूमी पारदर्शक नसेल, तर फोल्डरच्या जागी पांढरा चौकोन दिसतो.

ॲपची गोष्ट वेगळी आहे, कारण ॲप हेही आतून एक फोल्डरच असले, तरी त्याच्यावर इतरांचा हक्क चालतो. पेस्ट केलेला आयकॉन ॲपच्याच पुडक्यात राहतो. अपडेट आले की ते पुडके बदलले जाते आणि जुना आयकॉन परत येतो. २०१५ च्या एल कॅपिटानमध्ये सिस्टीमच्या फायली बदलू न देणारे सिस्टीम इंटेग्रिटी प्रोटेक्शन आले, तेव्हापासून ॲपलच्या अंगभूत ॲपना हात लावता येईनासा झाला, आणि २०१९ च्या कॅटलिनापासून ती केवळ वाचता येणाऱ्या स्वतंत्र विभागात गेली. अनेक आयकॉन एकदम बदलून देणाऱ्या कँडीबार या लोकप्रिय ॲपचा विकास तर त्याआधीच, २०१२ मध्ये, थांबला होता. त्यामुळे डॉकमधला प्रत्येक आयकॉन एकाच छटेत आणणे हे पेस्ट करण्याच्या मार्गाने कधीच पूर्ण होणारे काम राहिले नाही.

२०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने हे काम बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतले. फोल्डरचा रंग बदलता येतो, त्यावर चिन्ह किंवा इमोजी ठेवता येतो, आणि ॲपचे आयकॉन गडद, पारदर्शक किंवा एका रंगाची झाक दिलेले असे निवडता येतात. फोल्डरपुरते पाहिले तर रंग ठिपक्यातून पुन्हा आयकॉनवर चढला आहे. ॲपची झाक मात्र सगळ्यांना एकच लागते. टेक्स्ट एडिटरला एक छटा आणि टर्मिनलला दुसरी, अशी निवडक रंगसंगती जुळवायची असेल, तर आजही गेट इन्फोचीच खिडकी उघडावी लागते.