एक्झिक्युटर स्वतःच लाभार्थी असेल तर: प्रोबेटचा अर्ज, हिशेब आणि मानधनाचा प्रश्न

वडिलांनी मृत्युपत्रात मोठ्या मुलाला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमायचं आणि त्याच मृत्युपत्रात त्याला वाटाही द्यायचा, हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की त्यात काही अडचण असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. अडचण येते ती प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्रावरच्या न्यायालयीन शिक्कामोर्तबाच्या, अर्जावर हरकत आली की, किंवा दोन वर्षांनी बहीण हिशेब मागू लागली की. "मीच मुलगा, मीच एक्झिक्युटर, मग मला कोणाला विचारायचं?" हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. म्हणून जिथे लोक खरोखर अडकतात तेवढंच इथे सविस्तर लिहितो. ही माहिती भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे आहे. गोव्यात उत्तराधिकाराचा कायदा वेगळा आहे, तिथल्या वाचकांनी तिथल्या वकिलाला विचारावं.

आधी पात्रता. लाभार्थी माणूस एक्झिक्युटर होऊ शकतो, कायद्याची त्याला मनाई नाही. अज्ञान मूल किंवा मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्ती होऊ शकत नाही. कागद नेहमीचेच लागतात: मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, सर्व कायदेशीर वारसांची नावं-पत्ते, मालमत्तेची किंमतीसह यादी, देण्यांची यादी, एक्झिक्युटरची शपथ आणि मृत्युपत्रावरच्या किमान एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र.

हे शेवटचं प्रतिज्ञापत्र वेळेवर हाताशी नसतं. साक्षीदार म्हणून सोसायटीतले शेजारी घेतलेले असतात, त्यातले एक वारलेले असतात आणि दुसरे मुलाकडे परदेशी गेलेले असतात. एक्झिक्युटर स्वतः लाभार्थी असेल तेव्हा हा कागद आणखी महत्त्वाचा होतो. मृत्युपत्र करवून घेण्यात ज्याने पुढाकार घेतला त्यालाच मोठा लाभ मिळत असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती मानली जाते आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही न्यायालयं त्याच कसोटीवर चालतात. वकील तुम्ही गाठला, मसुदा तुम्ही आणला, वडिलांना गाडीत घालून रजिस्ट्रेशनला तुम्हीच नेलं, आणि वाटाही मोठा तुमचाच, असं असेल तर ते लपवू नका. वडिलांना मजकूर समजला होता आणि तो त्यांचाच होता, हे सांगणारा त्रयस्थ माणूस शोधा. डॉक्टर, वकील, साक्षीदार, कोणीही चालेल, पण तो तुमच्या घरातला नसावा.

लाभार्थीच साक्षीदार असला तर? ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला लाभ कलम ६७ प्रमाणे रद्द होतो, बाकी मृत्युपत्र टिकतं. हिंदूंना हे कलम लागू नाही. तरीही हिंदू कुटुंबातही लाभार्थ्याची सही साक्षीदाराच्या जागी असेल तर हरकत घेणाऱ्याला आयतं हत्यार मिळतं.

आता एक बारीक कलम, जे कोणी सांगत नाही. कलम १४१ म्हणतं, ज्याला एक्झिक्युटर नेमलं आहे त्याला दिलेला वाटा तो मृत्युपत्र सिद्ध करेपर्यंत, किंवा एक्झिक्युटर म्हणून काम करण्याचा इरादा कृतीतून दाखवेपर्यंत, त्याला घेता येत नाही. मृत्युपत्रातल्या सूचनेप्रमाणे अंत्यविधीची व्यवस्था करणं ही अशी कृती धरली जाते. "मला कटकट नको, मी एक्झिक्युटर होत नाही, माझा वाटा तेवढा द्या," असं म्हणून नकार लिहून देणारे इथे फसतात. नकार न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सहीनिशी लेखी देता येतो, पण एकदा दिला की पुन्हा प्रोबेट मागता येत नाही. त्यामुळे तो देण्याआधी आपल्या वाट्याचं काय होईल हे वकिलाकडून लेखी घ्या. आणि ज्यांचं मृत्युपत्र अजून लिहायचं आहे त्यांनी एक ओळ जरूर घालावी: हा वाटा, तो एक्झिक्युटरचं काम करो वा न करो, त्याला मिळावा.

प्रोबेट हातात आलं की लोकांना वाटतं संपलं. खरी जबाबदारी तिथून सुरू होते, आणि मुदतींचा गोंधळही. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची पूर्ण यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात दाखल करायचा असतो (कलम ३१७). दुसरं एक वर्ष कलम ३३७ मधलं. मृत्यूपासून वर्ष होईपर्यंत एक्झिक्युटरवर वाटे देण्याची सक्ती नसते. लोक या दोन वर्षांची सरमिसळ करतात. वडील गेल्याला वर्ष झालं म्हणून देणी न तपासता वाटून टाकतात, आणि न्यायालयाची यादी मात्र कधीच देत नाहीत. सबळ कारण नसताना यादी-हिशेब दिला नाही, तर प्रोबेट रद्द होण्याला तेही कारण होऊ शकतं.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. माणसं काल्पनिक आहेत, पण गुंता मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. वडिलांच्या मृत्युपत्रात दुकानाचा गाळा मुलाला, शिवाय मुलाला दहा लाख रुपये आणि मुलीला दहा लाख रुपये. एक्झिक्युटर मुलगा. बँकेत सगळे मिळून २४ लाख. प्रोबेट मिळताच मुलाने आपले दहा लाख स्वतःच्या खात्यात वळते केले. मग हॉस्पिटलची बाकी आणि वडिलांनी एका मित्राकडून घेतलेली हातउसनी रक्कम पुढे आली, मिळून सहा लाख. अंत्यविधी, कोर्ट फी आणि वकील यांचे दोन लाख. उरले सहा लाख, ते त्याने बहिणीला दिले आणि म्हणाला, "एवढेच शिल्लक होते, ताई."

हे चूक आहे. आधी खर्च आणि देणी, मग वाटे. २४ मधून २ आणि ६ वजा केले की उरतात १६ लाख. दोघांना मिळून द्यायचे होते २० लाख. म्हणून दोन्ही वाटे सारख्या प्रमाणात कमी होतात, प्रत्येकी आठ लाख. कलम ३२७ स्पष्ट सांगतं की मृत्युपत्रात वेगळी सूचना नसेल तर एका लाभार्थ्याला दुसऱ्याआधी देता येत नाही, आणि एक्झिक्युटरला स्वतःच्या वाट्यापोटी पैसे राखून ठेवताही येत नाहीत. भावाने बहिणीला आणखी दोन लाख द्यायचे आहेत. गाळा मात्र त्याचाच राहतो, कारण ती नेमकी वस्तू दिलेली आहे आणि देणी फेडायला बाकी पैसा पुरला.

याच मुलाने वडिलांना पूर्वी पैसे उसने दिले असते तर? तेही देणंच, पण त्याला अग्रक्रम नाही. कलम ३२३ प्रमाणे एक्झिक्युटरने माहीत असलेली सगळी देणी, स्वतःचं धरून, सारख्या प्रमाणात फेडायची. ते अर्जाच्या देण्यांच्या यादीत पहिल्याच दिवशी दाखवा आणि सोबत बँक ट्रान्सफरचा पुरावा जोडा. दोन वर्षांनी आठवलेलं कर्ज बहीण मान्य करत नाही, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही केलं नसतं.

गाळ्याचं भाडं हा आणखी एक सापळा. वाटा पक्का व्हायला एक्झिक्युटरची संमती लागते, आणि स्वतःच्या वाट्यालाही त्याची स्वतःची संमती लागते (कलम ३३५). तुम्हाला दिलेल्या गाळ्याचं भाडं तुम्ही घरखर्चाला वापरू लागलात की संमती दिली असं धरलं जातं. देणी फिटायच्या आधी असं केलंत तर तुम्हीच स्वतःला पुढे काढलंत असा अर्थ होतो. तोवर भाडं वेगळ्या खात्यात जमू द्या.

आणि मृताची मालमत्ता स्वतः विकत घेऊ नका, बायकोच्या किंवा मेहुण्याच्या नावानेही नको. कलम ३१० प्रमाणे एक्झिक्युटरने सरळ किंवा आडून केलेली अशी खरेदी कोणाही हितसंबंधिताच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. किंमत बाजारभावाची होती म्हणून धोका टळत नाही. घ्यायचीच असेल तर त्रयस्थाकडून मूल्यांकन करा आणि सगळ्या सज्ञान लाभार्थ्यांची लेखी संमती घ्या. कोणी अज्ञान असेल तर न्यायालयाकडे जा.

आता मानधन, म्हणजे भांडणाचं मूळ. पाच-सहा वर्षं खेटे घालणाऱ्याला काहीतरी मिळावं हे वाटणं स्वाभाविक आहे. पण एक्झिक्युटरचं काम मुळात विनामोबदला धरलेलं आहे. मृत्युपत्रात मानधनाची तरतूद असेल तर मिळतं. नसेल तर सगळ्या सज्ञान लाभार्थ्यांनी लेखी मान्य केलं तर किंवा न्यायालयाने मंजूर केलं तर. कलम ३०९ दाखवून "कायद्यात कमिशन आहे" असं सांगणारे भेटतात. त्या कलमाचे शब्द मनाईचे आहेत: महाप्रशासक या सरकारी अधिकाऱ्यासाठी ठरलेल्या दरापेक्षा जास्त कमिशन एक्झिक्युटरला घेता किंवा राखता येणार नाही. ती वरची मर्यादा आहे. तिच्या बळावर स्वतःच रक्कम ठरवून काढून घेऊ नका.

खर्च वेगळा. कोर्ट फी, वकील, मूल्यांकन, प्रमाणित नकला, प्रवास हे पावत्यांनिशी मालमत्तेतून घेता येतं. वेळेची किंमत घेता येत नाही. वरच्याच उदाहरणात भावाने दीड लाख "धावपळीचे" म्हणून घेतले, तर १६ लाखांचे साडेचौदा होतात आणि बहिणीच्या वाट्यातून ७५ हजार जातात. म्हणजे भावाच्या मानधनाचा अर्धा भार तीच उचलते, तिला न विचारता. एक्झिक्युटर स्वतः वकील किंवा सीए असेल आणि आपल्याच ऑफिसचं बिल लावत असेल, तर मृत्युपत्रात तशी परवानगी आहे का हे आधी पाहा.

कराचाही फरक आहे. मृत्युपत्राने मिळालेला वाटा प्राप्तिकरात उत्पन्न धरला जात नाही, मानधन मात्र उत्पन्न आहे. बहिणीची संमती असेल तर मानधनाऐवजी तिने आपल्या वाट्यातून काही सोडावं का, याचा हिशेब सीएबरोबर एकदा करून पाहा.

ज्यांना हिशेब मिळत नाही त्या भावंडांसाठी: आधी लेखी मागा, स्पीड पोस्टाने. मग प्रोबेट दिलेल्या न्यायालयाच्या कार्यालयात यादी आणि हिशेब दाखल झालाय का ते पाहा, त्यांच्या नकला मिळतात. पैशाचा गैरवापर झाला असेल तर एक्झिक्युटर स्वतःच्या खिशातून भरून द्यायला बांधील आहे (कलम ३६८), आणि उच्च न्यायालय कलम ३०१ खाली त्याला दूर करून दुसरा नेमू शकतं. अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट जोडता आलं तर उत्तम. मालमत्तेसाठी वेगळं खातं उघडलेलं नसेल आणि सगळे पैसे भावाच्या पगाराच्या खात्यातून फिरले असतील, तर तेही अर्जात ठळक लिहा.