अडथळा तंत्रज्ञान

सूक्ष्मजीवांच्या वाढीला प्रतिकूल असे दोन किंवा अधिक घटक, प्रत्येकी सौम्य मात्रेत, एकत्र वापरून अन्न टिकवण्याच्या पद्धतीला अडथळा तंत्रज्ञान किंवा हर्डल टेक्नॉलॉजी म्हणतात. जर्मनीतील कुल्मबाख येथील मांससंशोधक लोथार लाइस्टनर यांनी १९७०च्या दशकात ही संकल्पना मांडली. नुसत्या मिठाने किंवा नुसत्या आम्लाने अन्न टिकवायचे तर ते खाण्याजोगे राहत नाही आणि नुसत्या उष्णतेने टिकवायचे तर पोत व चव जाते. सामू, मीठ, उष्णता आणि परिरक्षक यांची सांगड घातली की प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते.

परीक्षेतील बहुतेक उत्तरे या चार घटकांची यादी देऊन थांबतात. खरा मुद्दा आहे तो पेशीच्या ऊर्जेचा. पेशी आपला अंतर्गत सामू आणि पाण्याचा समतोल सतत राखत असते; याला समस्थिती म्हणतात. मिठामुळे जलक्रियता घटते, म्हणजे सूक्ष्मजीवांना वापरता येणारे पाणी कमी होते. पेशीतले पाणी बाहेर जाऊ नये म्हणून तिला आत विद्राव्य पदार्थ साठवावे लागतात. आम्लामुळे आत आलेले प्रोटॉन बाहेर ढकलावे लागतात. उष्णतेने इजा झालेल्या पेशीला पटलाची डागडुजी करायची असते. ही सारी कामे एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या त्याच तुटपुंज्या साठ्यातून होतात आणि वाढीसाठी काही उरत नाही. साठा पुरता संपला की पेशी मरते; ही चयापचयी थकावट. म्हणूनच अशा टिकाऊ पदार्थात उरलेल्या पेशी शीतकपाटापेक्षा सामान्य तापमानाला लवकर मरतात, कारण उबेत त्यांचा ऊर्जाखर्च वाढतो.

सामू आणि परिरक्षक यांचे नाते सर्वांत घट्ट आहे. सॉर्बिक आम्ल या परिरक्षकाचा अवियोजित, म्हणजे प्रोटॉन न सोडलेला रेणूच पेशीपटल सहज ओलांडतो. आतला सामू उदासीनाजवळ असल्याने तिथे तो वियोजित होतो आणि प्रोटॉन सोडतो. या आम्लाचा पीकेए सुमारे ४.७६ आहे, म्हणजे त्या सामूला निम्मे रेणू अवियोजित असतात.

समजा, भाज्यांचे तुकडे असलेला एक सॉस आहे. त्याच्या १ किलोत १ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट घातले. त्यातून सॉर्बिक आम्ल मिळते सुमारे ७४६ मिलिग्रॅम. सॉसचा सामू ४.४ असेल तर त्यातले ७० टक्के, म्हणजे सुमारे ५२० मिलिग्रॅम अवियोजित राहते. सामू ६ असेल तर जेमतेम ४० मिलिग्रॅम. परिरक्षक तेवढेच, परिणाम मात्र तेरापट कमी.

मिठाचा हिशेब पाण्याच्या तुलनेत करावा. याच सॉसच्या १०० ग्रॅममध्ये ४ ग्रॅम मीठ आणि ७२ ग्रॅम पाणी असेल, तर जलीय भागातील मीठ ४ भागिले ७६, म्हणजे सुमारे ५.३ टक्के होते. जलक्रियता येते ०.९७च्या आसपास. एवढ्याने स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मुळीच थांबत नाही, कारण तो हवेच्या सान्निध्यात ०.८६पर्यंत वाढतो. इथे मीठ फक्त ताण वाढवते.

सॉस ८५ अंश सेल्सिअसला गरम भरला की यीस्ट, बुरशी आणि जिवाणूंच्या वाढत्या पेशी बहुतांशी मरतात. त्यामुळे परिरक्षकाला थोड्याच पेशींशी झुंजावे लागते. सुरुवातीची संख्या मोठी असेल तर हेच प्रमाण अपुरे पडते, त्यामुळे कच्च्या मालाची स्वच्छता ही पूर्वअट आहे. बीजाणू मात्र या उष्णतेला टिकतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष बनवणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंना इथे रोखतो तो आम्लाचा अडथळा. त्याची मान्य मर्यादा सामू ४.६ आहे.

घात होतो तो बहुधा तुकड्यांच्या गाभ्यात. भरताना द्रवाचा सामू ४.० दिसतो, पण जाड तुकड्याच्या मध्यभागी तो ५.५ असू शकतो. आम्ल आत झिरपायला वेळ लागतो. म्हणून नुसत्या द्रवाचे मापन ग्राह्य धरू नये. समतोल झाल्यावर तुकडे काढून, निथळून, वाटून त्यांचाही सामू मोजावा. तो ४.६च्या वर निघाला तर तुकडे बारीक करावेत किंवा ते आधी आम्लात भिजवावेत.

दुसरा धोका वरच्या थराचा. झाकणाखाली हवा राहिली आणि बुरशी धरली, तर ती आम्ल खाऊन तिथला सामू वाढवते आणि बंदिस्त असलेल्या बीजाणूंना वाट मोकळी होते. काही बुरशी सॉर्बिक आम्लापासून पेंटाडाइन तयार करतात. अशा बरणीला रॉकेलसारखा वास येतो. झायगोसॅकरोमायसिस बेलाय हे यीस्ट तर आम्ल आणि परिरक्षक दोन्ही सोसते. त्याची खूण म्हणजे वायूने फुगलेले झाकण. बोट्युलिनमचे विष मात्र अन्नाचा वास किंवा रूप न बदलताही असू शकते, त्यामुळे चाखून किंवा हुंगून सुरक्षितता ठरवता येत नाही. नव्या पाककृतीत निवडक सूक्ष्मजीव मुद्दाम मिसळून, ठरलेल्या साठवण तापमानाला त्यांची संख्या किती बदलते हे प्रयोगशाळेत पाहावे लागते. मीठ किंवा आम्ल कमी केले की ही चाचणी पुन्हा करावी लागते.